भावाने घराला कुलूप लावलंय, नोटीस देताना तारखा जपा

प्रश्न : आमचं घर गुहागर तालुक्यात. बाबांनी 1986 ला जागा विकत घेऊन स्वतः बांधलं. बाबा 2011 ला गेले, आई 2019 ला. मृत्युपत्र नाही. मी डोंबिवलीला, मधला भाऊ पुण्याला, थोरला दादा चिपळूणला. पडवीलगतच्या खोलीत माझं कपाट, भांडी, त्या खोलीचं कुलूप माझं. दर गणपतीला सगळे जमायचो. यंदा 26 ऑगस्टला, हरतालिकेच्या दिवशी पोचलो तर मोठ्या दाराला नवीन कुलूप आणि माझ्या खोलीचं कुलूप तोडलेलं. दादा फोनवर म्हणाला, घर माझं आहे, 2012 ला तुम्ही तलाठ्याकडे सह्या करून दिल्यात, घरपट्टी पण माझ्या नावावर आहे. गणपती शेजारच्या काकांच्या ओटीवर बसवला. पोलीस म्हणाले दिवाणी बाब आहे. मिस्टर म्हणतात कुलूप तोडू, मधला भाऊ म्हणतो नोटीस दे. नोटिशीत नेमकं काय लिहायचं? एकदा नोटीस गेली की दादा कायमचा तुटेल ही भीती आहेच.
– एक माहेरवाशीण, डोंबिवली

उत्तर :

ताई, आधी मिस्टरांना सांगा की कुलूप तोडायचं नाही. घरात तुमचा हिस्सा आहे हे खरं, पण कुलूप तोडलंत की दुसऱ्या दिवशी दादा पोलीस स्टेशनला जाऊन सांगेल की देवघरातली चांदीची समई गेली, आणि मग आत काय होतं काय नव्हतं हे सिद्ध करत बसायची पाळी तुमच्यावर येईल. आत्ता बेकायदा वागलेला तो आहे, ती बाजू फिरवून आपल्या अंगावर घेऊ नका. पोलिसांकडे गेलात तेव्हा लेखी अर्ज दिला होता का? दिला नसेल तर आता द्या, गुन्हा दाखल व्हावा म्हणून नाही, तर पोच घेतलेली एक प्रत तुमच्याकडे राहावी म्हणून. त्या प्रतीवर 26 ऑगस्ट ही तारीख आणि तोडलेलं कुलूप, दोन्ही असू द्या.

हिस्स्याचा हिशोब सोपा आहे. घर बाबांच्या स्वकष्टाचं आणि मृत्युपत्र नाही, म्हणजे 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बाबांच्या पश्चात आई आणि तुम्ही तिघं असे चार समान वारस, प्रत्येकी चौथा हिस्सा. मग आई गेल्यावर तिचा चौथा हिस्सा पुन्हा तुम्हा तिघांत सारखा. म्हणजे आज दादा, मधला भाऊ आणि तुम्ही, तिघांचा प्रत्येकी एक तृतीयांश. लग्न झालेली मुलगी म्हणून तुमचं काही कमी होत नाही. (घर आजोबा-पणजोबांचं असतं तर हिशोब वेगळा झाला असता आणि 2005 ची दुरुस्ती, 2020 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल हे सगळं बघावं लागलं असतं, तुमच्या बाबतीत त्यात शिरायची गरजच नाही.)

आता नोटीस. खाजगी माणसाविरुद्ध वाटपाचा दावा करायला आधी नोटीस दिलीच पाहिजे असा काही नियम नाही, ती सक्ती सरकारविरुद्धच्या दाव्याला असते. तरी मी प्रत्येक पक्षकाराला नोटीस द्यायला लावते, कारण आपण कधी मागितलं आणि समोरच्याने कधी नाकारलं हे त्या कागदाने ठरतं. आणि भावाभावांच्या घराच्या भांडणात अख्खा खटला शेवटी तारखांवरच येऊन थांबतो.

हे मी एका प्रकरणावरून सांगते. देवगडकडचं घर, दोन भाऊ, धाकटा मुंबईला. धाकट्याने रागाच्या भरात एका वकिलाकडून नोटीस पाठवली होती आणि त्यात वाक्य होतं, "गेली चौदा वर्षे तुम्ही एकटेच सदर घर बळकावून बसला आहात व आमच्या अशिलास पायरीही चढू देत नाही." माझ्याकडे तो नंतर आला, दावा दाखल झाल्यावर. समोरच्याने कैफियतीत तेच वाक्य जसंच्या तसं उतरवलं आणि म्हटलं, वादी स्वतःच कबूल करतोय की चौदा वर्षं घर एकट्या प्रतिवादीच्या ताब्यात आहे आणि त्याला हाकललेलं आहे, मग दावा करायची 12 वर्षांची मुदत तर केव्हाच संपली. खरं काय होतं, तर हा माणूस दरवर्षी शिमग्याला आणि गणपतीला त्याच घरात राहून जायचा, मुलांच्या बारशाचे फोटो त्याच माजघरातले होते! ते "चौदा वर्षे" त्याने नुसतं रागाने म्हटलं होतं, वडील जाऊन चौदा वर्षं झाली होती म्हणून. पण ते खोडून काढायला साक्षीदार, फोटो, एसटीची जुनी तिकिटं, सगळं उभं करावं लागलं आणि तीन वर्षं त्या एका वाक्यावर गेली.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे नोटीस वाचताना तुमचं तुम्हालाच कळेल. सामाईक घरात एक वारस राहतो तेव्हा तो सगळ्यांच्या वतीने राहतो असं कायदा मानतो. नुसता तो एकटा राहिला, त्याने घरपट्टी भरली, कौलं परतली, आंबे-नारळ विकले, एवढ्याने घर त्याचं होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1957 पासून सांगितलेलं आहे. त्याचा ताबा तुमच्या विरोधात धरायचा तर त्याने उघडपणे, तुम्हाला कळेल असं, "तुमचा हक्कच नाही" म्हटलं पाहिजे आणि त्याप्रमाणे वागलं पाहिजे. तसं झाल्या दिवसापासून 12 वर्षं मोजायला सुरुवात होते. तुमच्याकडे तो दिवस अगदी स्वच्छ आहे, 26 ऑगस्ट 2025. त्याच्या आधी तुम्ही येत होता, राहत होता, खोलीचं कुलूप तुमचं होतं. त्यामुळे नोटिशीत "गेली कित्येक वर्षे", "बाबा गेल्यापासून", "तुम्ही कायमच" हे शब्द कुठेही यायला नकोत. वकिलाने घातले असतील तर काढायला सांगा, अगदी हट्टाने सांगा.

म्हणजे नोटिशीचा गाभा साधारण असा यायला हवा, वकील आपल्या भाषेत फिरवतील पण मुद्दे हेच:

"सदर घर हे उभयतांचे मयत वडिलांचे स्वकष्टार्जित मालकीचे असून त्यांचे व त्यानंतर आईचे निधनानंतर आमचे अशील, त्यांचे मधले बंधू व तुम्ही यांचा त्यात प्रत्येकी 1/3 अविभक्त हिस्सा आहे. सदर घर आजपर्यंत तिघांचे सामाईक ताबे-वहिवाटीत असून सन 2024 चे गणेशोत्सवात आमचे अशील सहकुटुंब तेथे राहिले होते. पडवीलगतची खोली आमचे अशिलाचे वापरात असून त्यात त्यांचे सामान आहे. दि. 26/08/2025 रोजी तुम्ही प्रथमच मुख्य दरवाजास नवीन कुलूप लावून व सदर खोलीचे कुलूप तोडून आमचे अशिलास प्रवेश नाकारला."

यातला "प्रथमच" हा शब्द बघा, चार अक्षरांचा आहे पण तुमच्या सगळ्या केसचं वजन त्याच्यावर आहे. आणि "2024 चे गणेशोत्सवात" हे लिहिताना हाताशी पुरावा असू दे, मोबाईलमधले फोटो, ट्रेनचं तिकीट, काय असेल ते. फोन विकू नका, ग्रुप डिलीट करू नका. स्क्रीनशॉट काढून ठेवा पण मूळ चॅट त्याच फोनमध्ये राहू दे, कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत 2023 च्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि मूळ फोन असला की ते सोपं जातं.

घराचं वर्णन नीट करा. आपल्याकडे कोकणात इथेच घोळ होतो, कारण जमिनीचा सर्व्हे नंबर-हिस्सा नंबर वेगळा, ग्रामपंचायतीचा घर नंबर वेगळा, आणि नोटिशीत लोक नुसतं "मौजे अमुक येथील घर" लिहून मोकळे होतात. बाबांच्या खरेदीखताची प्रत, 7/12, आणि ग्रामपंचायतीचा नमुना 8 म्हणजे असेसमेंटचा उतारा, हे तिन्ही समोर ठेवून सर्व्हे नंबर, घर नंबर आणि चतुःसीमा लिहा, पूर्वेला कुणाचं आगर, पश्चिमेला पाखाडी असं. खरेदीखत दादाच्या कपाटात असेल तर घाबरू नका, सब-रजिस्ट्रार ऑफिसातून सर्टिफाइड कॉपी मिळते.

मग मागण्या. मोजक्या आणि करता येतील अशा ठेवा. पंधरा दिवसांत मोठ्या दाराची एक चावी द्यावी, खोलीतल्या सामानाला हात लावू नये, घर विकू-गहाण ठेवू-पाडू नये, बांधकामात बदल करू नये, आणि सरस-निरस वाटप करून तुमचा एक तृतीयांश हिस्सा वेगळा द्यावा, नाहीतर दिवाणी दावा करू. पंधरा दिवस हा आकडा कायद्यात कुठे नाही, पण तेवढा वेळ रास्त धरतात. आणि एक ओळ जरूर घाला, की दादाने डागडुजीवर, कौलांवर, घरपट्टीवर जो खरा खर्च केलाय त्याचा हिशोब दिल्यास त्यातला तुमचा वाटा द्यायला तुम्ही तयार आहात. तो हा खर्च उद्या काढणारच आहे. तुम्ही आधीच तयारी दाखवलीत तर तो मुद्दा त्याच्या हातातून जातो, शिवाय ते न्याय्यही आहे, चिपळूणहून येऊन दर पावसाळ्याआधी कौलं त्यानेच परतून घेतली असतील तर त्याचे पैसे त्याला मिळायला हवेत.

काय घालू नये ते पण सांगते. वहिनीबद्दल एक शब्दही नको. आईच्या आजारपणात कुणी केलं आणि कुणी नाही हे नको. "फौजदारी करून तुरुंगात टाकू" तर अजिबात नको, त्याने दादा घाबरत नाही, चिडतो फक्त. तुमची भीती नातं तुटण्याची आहे ना, तर नोटिशीने नातं तुटतं ते या असल्या वाक्यांनी तुटतं. मागणीमुळे नाही. कोरडी, तारखा असलेली, पैशाचं न्याय्य बोलणारी नोटीस वाचून समोरचे लोक वकिलाकडे जातात आणि तो वकील पण वाचून म्हणतो की अहो, हे बसून मिटवा. असं मी बऱ्याचदा बघितलंय.

2012 च्या सह्यांचं काय, हे तुम्हाला रात्री झोपू देत नसणार. तलाठी कार्यालयातून त्या फेरफाराची आणि त्यासोबतच्या जबाबाची नक्कल काढा, नोटीस देण्याआधीच काढा. बहुतेक ती नुसती वारस नोंदीची सही असेल, ज्यात उलट तुमचं नाव वारस म्हणून लागलेलं असतं. समजा त्यात "आमचा हक्क नाही" असं लिहून घेतलं असेल तरी घरासारख्या स्थावरातला हक्क सोडायला रजिस्टर केलेलं हक्कसोडपत्र लागतं, तलाठ्यासमोरच्या साध्या कागदावर हक्क जात नाही. फेरफार आणि 7/12 हे महसुलासाठी असतात, घरपट्टीचा उतारा करासाठी, मालकी त्यांनी ठरत नाही. फक्त एक आठवून बघा, 2012 ला सह्या नक्की तलाठ्याकडेच केल्या होत्या ना? सब-रजिस्ट्रारकडे अंगठा आणि फोटो घेऊन काही झालं असेल तर गोष्ट वेगळी होते आणि ते वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा, लपवू नका.

मधला भाऊ सोबत असेल तर दोघांच्या वतीने एकच नोटीस द्या. तो आत्ता "दे" म्हणतोय पण सही करायला कचरला, असं होतं, तर थांबू नका, एकट्या द्या. पुढे दावा झाला तर वाटपाच्या दाव्यात सगळे हिस्सेदार पक्षकार लागतातच, तो वादी नसेल तर प्रतिवादी होईल, त्याने तुमचं काही अडत नाही.

नोटीस डोंबिवलीच्या वकिलांकडून पाठवली तरी चालते, दावा मात्र घर जिथे आहे तिथल्याच कोर्टात करावा लागतो, कल्याणला नाही. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय, त्यामुळे पाठवताना रजिस्ट्रेशन आणि डिलिव्हरीचा पुरावा दोन्ही मागून घ्या. पत्ता दादाचा चिपळूणचा राहता पत्ता, गावच्या बंद घराचा नाही. हे मुद्दाम सांगते कारण सवयीने लोक गावचा पत्ता घालतात आणि पाकीट "घर बंद" म्हणून परत येतं. बरोबर पत्त्यावर पाठवलेलं पाकीट त्याने घेतलं नाही आणि "रिफ्यूज्ड" किंवा "नॉट क्लेम्ड" शेरा मारून परत आलं तरी कायदा ते पोचलं असंच धरतो, तो नाही म्हणाला तर सिद्ध करायची जबाबदारी त्याची. परत आलेलं पाकीट फोडू नका, तसंच बंद ठेवा, ते कोर्टात तसंच द्यायचं असतं. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ टाका आणि दोन निळ्या टिकांचा स्क्रीनशॉट ठेवा.

आता नोटिशीची मर्यादा. नोटीस दिल्याने मुदत थांबत नाही, मुदत थांबते ती फक्त दावा दाखल केल्यावर. 12 वर्षं लांब आहेत म्हणून निवांत बसू नका, कारण तुमच्या खोलीपुरता एक वेगळा, जलद रस्ता आहे आणि त्याची मुदत फक्त सहा महिने आहे. स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टचं कलम 6. प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या माणसाला त्याच्या संमतीशिवाय, कायद्याचा मार्ग न वापरता बाहेर काढलं तर तो ताबा परत मागू शकतो, तिथे मालकी कुणाची हे बघतच नाहीत. अख्ख्या घरासाठी हे लागू करताना सामाईक ताब्याचे वाद निघतील, पण ज्या खोलीला तुमचं कुलूप होतं आणि ते तोडलं तिच्यासाठी तुमची बाजू जास्त धड आहे. सहा महिने म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्याआधी दावा आत गेला पाहिजे. म्हणून नोटीस या महिन्यात, उत्तराची वाट पंधरा दिवस, आणि जानेवारीत निर्णय. "दादा मेमध्ये आंब्याला भेटेल तेव्हा बोलू" असं करू नका.

दादाचं उत्तर आलं तर दोन प्रकारचं येईल. एक, "चावी देतो पण खर्चाचं बघा", मग तालुका विधी सेवा समितीकडे समेटासाठी बसा, महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो. दुसरं, "तुमचा हक्कच नाही". ते वाचून त्रास होईल, पण ते उत्तर जपून ठेवा, त्याने स्वतःच्या सहीने नकाराची तारीख लिहून दिलेली असते. मग वाटप आणि स्वतंत्र ताब्याचा दावा, सोबत मनाई अर्ज, आणि कोर्ट कमिशनर नेमायचा अर्ज. कमिशनरचा आग्रह धरा. कोकणातलं बंद घर कसं सडतं हे तुम्हाला सांगायला नको, एक कौल सरकलं तरी पावसाळाभर पाणी वाशावर पडतं, पुढच्या वर्षी वाळवी, आणि चिऱ्याची भिंत वरून पोकळ व्हायला लागते. आज घर कशा स्थितीत आहे आणि तुमच्या खोलीत काय आहे हे कमिशनरच्या अहवालात आलं की नंतर कुणी काही म्हणू शकत नाही. कोर्ट फीचं वकिलांना आधीच विचारून घ्या, महाराष्ट्रात महिलांना मालमत्तेच्या काही वादांत ती माफ आहे, पण ती माफी भावाबहिणींच्या वाटपाच्या दाव्याला लागू होते का ते तपासायला सांगा. मधला भाऊ सहवादी झाला तर त्याच्या हिस्स्यावर त्याला लागेल.

आणि दादाला एक गोष्ट कुणीतरी, शक्यतो शेजारच्या काकांनी, शांतपणे सांगायला हवी. एक माजघर, एक देवघर असलेलं घर तीन तुकड्यांत कापता येत नाही. तसं असलं की 1893 च्या वाटप कायद्याखाली निम्म्या किंवा जास्त हिस्स्याचे लोक कोर्टाला म्हणू शकतात की विकून पैसे वाटा, आणि तुमचा नि मधल्याचा मिळून हिस्सा दोन तृतीयांश होतो. तेव्हा दादाला घर ठेवायचं तर कोर्टाने ठरवलेल्या किमतीला तुमचे हिस्से विकत घ्यावे लागतील. हे तुम्हाला हवंय असं मी म्हणत नाही, पत्रावरून तरी तुम्हाला तिथे गणपतीला राहायचंय, विकायचं नाहीये. पण चावी न देण्याची किंमत काय होऊ शकते हे त्याला माहीत असावं, म्हणून काकांनी सांगितलेलं बरं, नोटिशीत ते घालू नका.

चावी मिळालीच, तर ती नुसती हातात घेऊन आत जाऊ नका. गावातली दोन माणसं सोबत घ्या, दार उघडतानाचा व्हिडिओ करा, खोलीतलं सामान एका कागदावर लिहा, त्यावर दादाची, तुमची आणि त्या दोघांची सही, आणि खाली एक ओळ, "आज दि. अमुक रोजी मुख्य दरवाजाची एक चावी सामाईक वापरासाठी मिळाली." तेवढं झालं की दुसरी चावी करून पुण्याला मधल्या भावाकडे पाठवा.